पेटीवर पहिलं सप्तक: 'ध' ला बोटं संपतात, पण चूक 'म' वर झालेली असते

हा प्रॉब्लेम इतक्या वेळा समोर येतो की एकदा सगळं सविस्तर लिहूनच टाकते. नवीन विद्यार्थी पांढरी एक मधून सा रे ग म प ध नी सां वाजवायला शिकतो, क्लासमध्ये बोटांचे नंबर सांगितले, दोनचार वेळा करून घेतलं, जमलं. पुढच्या आठवड्यात येतो आणि परत तेच, सा रे ग म प पर्यंत छान आणि मग ध ला हात थांबतो, कारण बोटंच उरलेली नसतात. करंगळी प वर बसलेली, पुढे काय लावायचं. मग हात उचलून उडी मारतो, सूर तुटतो. आपण परत सांगतो, परत जमतं, परत पुढच्या आठवड्यात तेच. महिनामहिना हे चालू राहतं आणि शेवटी आपण म्हणतो की घरी प्रॅक्टिस करत नाही. बऱ्याचदा तो करत असतो, रोज करत असतो, फक्त चुकीची बोटं पक्की करत असतो.

आधी बोटं कुठली ते स्पष्ट करते म्हणजे पुढचं नीट कळेल. उजव्या हाताचा अंगठा १, तर्जनी २, मधलं बोट ३, अनामिका ४, करंगळी ५. पांढरी एक म्हणजे दोन काळ्या पट्ट्यांची जोडी असते ना, त्यातल्या पहिल्या काळीच्या लगेच डावीकडची पांढरी. तिथे सा धरला की सगळे शुद्ध स्वर सलग पांढऱ्यांवर येतात. चढताना बोटं अशी:

सा १, रे २, ग ३, म १, प २, ध ३, नी ४, सां ५

उतरताना हेच उलटं, सां ५, नी ४, ध ३, प २, म १, ग ३, रे २, सा १. म्हणजे चढताना ग नंतर अंगठा मधल्या बोटाच्या खालून जाऊन म घेतो आणि उतरताना म वर अंगठा असताना मधलं बोट त्याच्या वरून जाऊन ग घेतं. सगळी गंमत आणि सगळा त्रास या एकाच जागी आहे. बाकी सहा स्वर कोणालाही जमतात.

आता मूळ मुद्दा. विद्यार्थी जिथे अडकतो तिथे चूक झालेलीच नसते, ती दोन स्वर आधी झालेली असते. चढताना ध ला अडला तर म वर अंगठ्याच्या ऐवजी चौथं बोट गेलं, मग प ला पाचवं, मग संपलं. उतरताना सा ला अडला तर ग वर मधल्याऐवजी तर्जनी गेली, रे ला अंगठा, आणि सा ला काहीच उरलं नाही. आपण शिकवताना काय करतो, तो ध ला थांबला की "अरे ध ला तिसरं बोट" असं सांगतो. तो बिचारा तिथे कसंबसं तिसरं बोट आणतो, पण म वर जे झालं ते तसंच राहतं. म्हणून अडला की ध कडे बघूच नका, त्याला परत ग पासून सुरू करायला लावा आणि तुमची नजर फक्त अंगठ्यावर ठेवा.

पण म वर चौथं बोट जातंच का? हे मला कळायला बरीच वर्षं लागली आणि कळलं ते एका मुलीमुळे. नऊ-दहा वर्षांची, अतिशय सिन्सिअर, तीन आठवडे हाच प्रकार. तिची आई म्हणाली, "ताई, घरी रोज अर्धा तास बसते हो, माझ्यासमोर." मग मी त्यांना सांगितलं की घरी वाजवताना फक्त हाताचा व्हिडिओ काढून पाठवा. व्हिडिओ बघितला आणि लगेच लक्षात आलं. तिच्या बाबांनी मदत व्हावी म्हणून पेटीच्या पांढऱ्या पट्ट्यांवर स्टिकर लावले होते, १ ते ७. सा वर १, रे वर २, ग वर ३ इथपर्यंत बोटांचे नंबर आणि स्टिकर जुळतात. आणि म वर ४. ती वाजवताना खाली बघते, तिला ४ दिसतो, ती चौथं बोट ठेवते. क्लासमध्ये माझ्या पेटीवर स्टिकर नाहीत म्हणून तिथे दोनदा सांगितलं की बरोबर यायचं.

स्टिकर नसले तरी हा गोंधळ असतोच, कारण नीट बघा, म हा सप्तकातला चौथा स्वर आहे, तो पांढरी चार या पट्टीवर येतो, आणि आपण सांगतो की तिथे बोट नंबर एक ठेव. तीन वेगवेगळ्या मोजण्या एका स्वरावर येऊन आदळतात आणि त्यातल्या दोन चार म्हणतात. पहिले तीन स्वर सगळ्या मोजण्या जुळतात त्यामुळे मुलाला वाटतं की नंबर म्हणजे एकच गोष्ट आहे. त्यात मूल व्हायोलिन किंवा गिटार शिकत असेल तर अजून एक घोळ, कारण तिथे स्वराची बोटं मोजताना तर्जनीला १ म्हणतात आणि करंगळी ४ होते. असं मूल "दोन" म्हटल्यावर मधलं बोट पुढे करतं. म्हणून पहिल्या दिवशी पेटीला हात लावायच्या आधी मी एक मिनिट फक्त हे करते, डोळे मिट, हात मांडीवर, मी नंबर म्हणते, ते बोट हलव. तीन, एक, पाच, दोन, चार, उलटसुलट. जो इथे चुकतो त्याला पट्ट्यांवर बसवून काही उपयोग नाही.

त्या मुलीसाठी काय केलं ते सांगते. स्टिकर सगळे काढले. मग फक्त दोन पट्ट्यांवर लाल ठिपका लावला, सा वर आणि म वर, आणि तोच लाल ठिपका तिच्या अंगठ्याच्या नखावर. अंगठ्याची दोनच घरं, सा आणि म, लाल दिसला की लाल बोट. नंबर मी तोंडाने म्हणणं बंद केलं, तोंडाने फक्त स्वर. वहीत वरच्या ओळीत स्वर आणि खाली बोटांचे नंबर, तेही म च्या खालच्या १ भोवती गोल. आठवड्यात म वर चौथं बोट जाणं थांबलं आणि दहाव्या दिवशी ठिपके पुसून टाकले. ठिपके जास्त दिवस ठेवू नका, नाहीतर पट्टीकडे बघितल्याशिवाय वाजतच नाही.

आता समजा बोट बरोबर जातंय पण म च्या आधी धक्का बसतो, छोटी गॅप पडते किंवा ग आणि म दोन्ही एकदम वाजतात. हा दुसरा प्रकार. पेटीत सूर रीडमधून येतो आणि पट्टी सोडली की हवा बंद, सूर बंद, मागे काही घुमत राहत नाही. त्यामुळे तारेच्या वाद्यात जी गॅप झाकली जाते ती पेटीत उघडी पडते. गॅप पडते म्हणजे अंगठा उशिरा निघतोय, आणि दोन्ही स्वर एकत्र वाजतात म्हणजे मधलं बोट उशिरा उठतंय.

बहुतेक मुलं अंगठा कधी हलवतात? ग वाजवून झाल्यावर, म ची वेळ आली की. तोपर्यंत अंगठा सा वर किंवा बाहेर हवेत लटकत असतो आणि मग घाईघाईत सगळा हात फिरवून, कोपर बाहेर काढून तो म वर आपटतात. अंगठ्याने निघायचं असतं रे वाजतानाच. रे वर तर्जनी बसली की सा सुटला, अंगठा मोकळा झाला, तो तेव्हाच तळव्याखालून सरकायला लागतो आणि ग वाजत असताना तो म च्या वर येऊन थांबलेला असला पाहिजे. मग म दाबताना फक्त खाली यायचं. आणि म दाबला की हात लगेच उजवीकडे सरकतो म्हणजे तर्जनी आपोआप प वर येते. हे सरकणं विसरलं की प ला भलतंच बोट जातं आणि शेवटी सां ला परत उडी.

अंगठ्याला खालून जायला जागा लागते हेही बघा. बोटं सपाट पसरलेली असली तर खाली जागाच नाही. बोटं थोडी वाकलेली, मनगट पट्ट्यांच्या लेव्हलला किंवा किंचित वर. लहान मुलं जमिनीवर बसतात तेव्हा पेटी त्यांच्यासाठी उंच पडते, कोपर पट्ट्यांच्या खाली जातं, मनगट लटकतं आणि अंगठा अडकतो. त्यांना कितीही सांगा "हात वर घे", दोन मिनिटात परत खाली. बुडाखाली घडी केलेली चादर किंवा जाड आसन द्या, कोपर पट्ट्यांच्या उंचीला आलं की निम्मा त्रास तिथेच जातो. मला हे फार मनापासून सांगायचंय कारण मी स्वतः कित्येक मुलांना उगाच "लक्ष दे" म्हणून रागावलेय, आणि कारण नुसती बसायची उंची होतं.

तिसरा प्रकार भात्याचा. ऐकायला अगदी अंगठ्याच्या धक्क्यासारखंच येतं म्हणून फसायला होतं. नवीन विद्यार्थी प्रत्येक स्वराला एक भाता मारतो आणि म ची अवघड जागा आली की डावा हातही आखडतो, भाता एकदम जोरात दाबला जातो किंवा थांबतो. ओळखायचं कसं, तर भाता तुम्ही मारा आणि त्याला फक्त बोटं चालवू द्या. धक्का गेला तर दोष भात्याचा, राहिला तर अंगठ्याचा. दोन मिनिटांची टेस्ट आहे, पण ही केल्याशिवाय बोटांच्या मागे लागू नका. भात्याचा असेल तर एकच स्वर, नुसता सा, लांब धरून त्यात भाता सावकाश, आवाज वरखाली न होता चालवायला लावा, मग सा रे, मग पुढे. पेटीत पट्टी जोरात दाबून आवाज मोठा होत नाही, तो भात्यातूनच येतो, हे नव्या माणसाला वेगळं सांगावं लागतं, नाहीतर ते पट्ट्या बडवतात आणि बोटं कडक होतात.

आणि हो, सगळ्यात आधी पेटी तर ठीक आहे ना ते बघा. कपलर लावलेला असेल तर काढा, त्याने पट्टी जड होते आणि दुसऱ्या सप्तकातली पट्टीही सोबत खाली जाते, मूल गोंधळतं. स्टॉप एकदोनच उघडे ठेवा. मग एकाच बोटाने, हळू भात्यावर, सा ते सां एकेक पट्टी दाबून बघा. म ची पट्टी इतरांपेक्षा कडक लागत असेल किंवा तिचा सूर हळू भात्यावर उशिरा बोलत असेल तर तो स्प्रिंगचा किंवा रीडमधल्या धुळीचा प्रश्न आहे, रिपेअर करणाऱ्याकडे द्या, मुलाला दोष देऊ नका.

आता हळू रिपीट. "हळू वाजव" एवढंच सांगितलं तर कोणी हळू वाजवत नाही, सुरुवात हळू होते आणि ग पर्यंत स्पीड वाढलेला असतो, कारण सोप्या जागेत हात पळतो आणि अवघड जागेत आपटतो. म्हणून मेट्रोनोम ६० वर लावा, म्हणजे सेकंदाला एक ठोका, आणि प्रत्येक स्वराला चार ठोके. त्या चार ठोक्यांना काम वाटून द्या. पहिल्या ठोक्याला पट्टी दाबायची. दुसऱ्याला नुसतं ऐकायचं, सूर स्थिर आहे का. तिसऱ्याला पुढचं बोट पुढच्या पट्टीच्या वर नेऊन ठेवायचं, स्पर्श करायचा पण दाबायचं नाही. चौथ्याला काहीच नाही, थांबायचं. यात तिसरा ठोका महत्त्वाचा. ग वर असताना तिसऱ्या ठोक्याला अंगठा म वर पोचलाय की नाही हे तुम्हाला डोळ्यांनी दिसतं आणि पोचला नसेल तर चूक व्हायच्या आधीच तुम्ही थांबवू शकता. नुसतं हळू वाजवलं की चूकही हळू होते, पुढचं बोट आधी नेऊन ठेवलं तरच ती टळते.

आणि रिपीट सगळ्या सप्तकाचं करू नका. ही चूक मीही अनेक वर्षं करायचे. सा पासून सां पर्यंत दहा वेळा वाजवलं तर अवघड जागा दहा वेळाच येते आणि दर वेळी मूल आधीचे सोपे स्वर वाजवून बेसावध झालेलं असतं. त्याऐवजी ग म ग म, बोटं ३ १ ३ १, एवढंच. ह्यात चढतानाचं अंगठा खालून आणि उतरतानाचं मधलं बोट वरून, दोन्ही येतात. पहिले काही वेळा भाता बंद ठेवून, मुकं. पेटीची ही फार छान सोय आहे, भाता नाही तर आवाज नाही, मुलाला चुकीच्या सुराची लाज वाटत नाही आणि लक्ष पूर्ण बोटांवर राहतं. मग भाता तुम्ही मारा. मग त्याने स्वतः. हे जमलं की ग म प, ३ १ २. मग रे ग म प, २ ३ १ २. मग सा पासून प. वरचे प ध नी सां हे २ ३ ४ ५ सरळ आहेत, ते जोडायला पाच मिनिटं लागतात. उतरताना म ग, मग प म ग, मग प म ग रे सा, तसंच मागून जोडत.

मोजायला मी पाच मणी ठेवते पेटीवर, एका बाजूला. तुकडा बरोबर आला की एक मणी दुसऱ्या बाजूला. चुकला की एक परत. पूर्वी मी चुकलं की सगळे परत करायला लावायचे, पण चौथ्या मण्याला मुलं इतकी टेन्शनमध्ये यायची की खांदे वर आणि हात कडक, आणि कडक हाताने अंगठा जातच नाही. पाचही मणी गेले की त्या तुकड्याला थांबायचं, त्या दिवशी परत नको. चार ठोक्यांवर पूर्ण आरोह अवरोह सलग दोन दिवस बरोबर आला की दोन ठोक्यांवर, आणि मग एकावर. एका ठोक्यावर आल्यावर मेट्रोनोम चार-पाचनेच वाढवा, ६० चा ६४. म ला परत धक्का दिसला की खाली या, पूर्ण सप्तक सोडून परत ग म ग म.

त्या मुलीचं साधारण असं झालं. पहिले दोन दिवस फक्त मुकं ग म ग म आणि नंबरांचा खेळ. तिसऱ्या दिवशी भाता आईने मारला, ग म प. पाचव्या दिवशी सा पासून प, चार ठोक्यांवर, स्वतःच्या भात्यावर, आणि इथे परत धक्का आला, पण आईने भाता घेतल्यावर गेला म्हणजे भात्याचा होता, मग दोन दिवस नुसता लांब सा. आठव्या दिवशी पूर्ण आरोह. अवरोहाला अजून चार दिवस, कारण ग ला तर्जनी जायची सवय जात नव्हती, तिथे मी तिला म ग च्या मध्ये तिसरं बोट हवेत वर नेऊन थांबायला लावलं. रोज पंधरा मिनिटं, अर्धा तास नाही.

काही गोष्टी वेगळ्या असतात त्या पण सांगून ठेवते, नाहीतर कोणीतरी म्हणेल मी तर दुसरंच शिकलो. पांढरी चार मधून सा घेतला तर बोटं १ २ ३ ४ १ २ ३ ४ अशी जातात, तिथे म काळी पाच वर येतो आणि अंगठा काळीवर नको म्हणून चौथं बोटच बरोबर. मुलाने असा व्हिडिओ कुठे बघितला असेल तर तो चुकीचा नाही, स्केल वेगळं आहे. काळी एक मधून २ ३ १ २ ३ ४ १ २, अंगठा ग आणि नी वर. गाणाऱ्याचा सूर काळी एक असेल आणि स्केलचेंजर पेटी असेल तर पट्ट्या सरकवून बोटं पांढरी एकचीच ठेवता येतात, पहिल्या महिन्यात मी तेच करते. काही जुने वादक अंगठा खालून नेतच नाहीत, दोन-तीन बोटांवर सगळं वाजवतात आणि सुंदर वाजवतात, तुमचे गुरू तसं शिकवत असतील तर तेच करा, पण सुरुवातीला दोन पद्धती मिक्स करू नका. डावखुरं मूल डाव्या हाताने वाजवत असेल तर चढताना ५ ४ ३ २ १ ३ २ १, तिथे अवघड जागा म ची नसून प वरून ध वर जातानाची आहे, मग रिपीटचा तुकडा प ध प ध घ्यायचा, १ ३ १ ३.

आणि एवढं सगळं करूनही दोन आठवड्यांनी म वर चौथं बोट परत दिसलं तर घरच्या प्रॅक्टिसचा हाताचा व्हिडिओ मागवा.